अक्षर दरवर्षी सुधारत गेलं

वाचकाचं पत्र

माझी आजी परतूरजवळच्या खेड्यात राहते. दर संक्रांतीला ती तेवीस भेटकार्डं पोस्टाने पाठवते, प्रत्येकात हलव्याची पुडी. गेल्या संक्रांतीला बावीस जणांकडून पत्र किंवा फोन आला. उदगीरकडच्या तिच्या बालमैत्रिणीकडून मात्र काहीच नाही. त्या मैत्रिणीकडे फोन नाही. आजी या विषयावर बोलत नाही. मी यावर कथा लिहिली. शेवटी मैत्रीण वारल्याचं कळतं. मैत्रिणींना वाचून दाखवली तर म्हणाल्या, 'हे दुसऱ्या पानावरच कळलं होतं.' मला दुसरा शेवट सुचत नाही. शिवाय आजी अजून वाचते, कथा तिच्या हाती लागली तर? दिवाळी अंकाला पाठवू की ठेवून देऊ? कथा सोबत जोडली आहे.
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर

तुमची कथा दोनदा वाचली. एकदा सरळ, एकदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या खेपेला सातव्या पानावरच्या एका वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. त्या वाक्याकडे येतेच, पण आधी तुम्ही मारून टाकलेल्या मैत्रिणीचं बघू.

शेवट आधी कळतो ही तक्रार खरी आहे, पण माझी अडचण वेगळी आहे. मला तो मरणाचा निरोप पटतच नाही. आजीचं माहेर उदगीरकडचं, असं तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय. मग माहेरचे भाऊ-भाचे असणार, त्यांची लग्नं, बारशी, जावळं असणार. मराठवाड्यात मयतीची बातमी पोस्टाची वाट बघत नाही. पूर्वी कोपरा फाडलेलं कार्ड यायचं किंवा तार यायची. तार २०१३ साली बंद झाली, पण ती चालू होती तेव्हासुद्धा एसटीतून उतरलेला कुणीतरी तारेच्या आधी सांगून जायचा. आता तर मोबाइल आहे. बालमैत्रीण गेली आणि आजीला ते फक्त न आलेल्या कार्डावरून कळलं, हे तुमच्या सोयीसाठी घडतं. त्या गावच्या रीतीने घडत नाही. वाचणाऱ्याला ते जाणवतं, म्हणून त्याला शेवट 'कळतो'. त्याला कथा कळलेली नसते, लेखिकेचा हात दिसलेला असतो.

मग उत्तर का आलं नाही? कथा जरा बाजूला ठेवा, खऱ्या कार्डाचं बोलू. आजीचं कार्ड तिकडे पोचलं याची तुम्हाला खात्री आहे का? कथेत तुम्ही ते पेटीत टाकलंत आणि तिथून थेट मैत्रिणीच्या अंगणात नेलंत. मधला सगळा रस्ता गाळलात.

आमच्या सासूबाई अंबाजोगाईच्या. त्याही कार्डं पाठवायच्या, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पाकीट न चिकटवता, जीभ आत खोचून, बुकपोस्टाने. पुढे त्यांनाही कार्डात हलवा घालायची हौस आली. तुमचं पत्र वाचून मी घरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. साधं घडीचं भेटकार्ड आणि त्याचं पाकीट मिळून १४ ग्रॅम भरलं. चमचाभर काटेरी हलवा, प्लॅस्टिकच्या पुडीसकट, ९ ग्रॅम. म्हणजे २३. पाच रुपयांचं तिकीट २० ग्रॅमपर्यंत चालतं, त्यापुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी पाच लागतात. तुमच्या आजी सगळ्या पाकिटांना पाचचंच तिकीट लावतात, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय ('थुंकी न लावता, ओल्या बोळ्याने', फार छान). तेव्हा त्यांची बरीचशी कार्डं, कदाचित सगळीच, तीन-चार ग्रॅमनी जास्त जात असणार.

तरी ती पोचतात, कारण प्रत्येक पाकीट प्रत्येक ठिकाणी कुणी तोलत बसत नाही. पण एखादं तोललं जातं. मग ते नाटपेड होतं, काही जण बेरंग म्हणतात. घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट वसूल करायचे, म्हणजे इथे दहा रुपये. आता उदगीरजवळच्या वाडीतलं दृश्य बघा. दुपारची वेळ, पोरं-सुना रानात, ओट्यावर एकटी म्हातारी आणि दारात पोस्टमन दहा रुपये मागतोय. ती नको म्हणते किंवा 'संध्याकाळी लेक आला की ये' म्हणते. न घेतलेलं पत्र परतीच्या वाटेला लागतं, पण परत जायला पाठवणाराचा पत्ता हवा. तुमच्याच कथेतलं वाक्य आहे: 'आजी पाकिटाच्या मागे कधीच आपला पत्ता लिहीत नाही, म्हणते, माझं अक्षर वळखतेत की.' मैत्रीण ओळखेल हो, पोस्ट कसं ओळखणार? असं पत्र मग परत आलेल्या पत्रांच्या कार्यालयात जातं. तिथे ते उघडून आत कुठे पत्ता सापडतो का ते बघतात. आत काय असणार? 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आणि खाली 'तुझीच'. संपलं.

खऱ्या आयुष्यात हेच घडलं असेल तर मला नवल वाटणार नाही. कथेत मात्र हा शेवट करू नका. तो अपघात आहे. तीन ग्रॅम हलव्यामुळे घोटाळा झाला हे वाचून माणूस 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. त्यात आजीचं कुणाशी काही नातं उघडं होत नाही.

आता ते सातवं पान. आजी पत्र्याच्या डब्यात मैत्रिणीची उत्तरं ठेवते, जुनी वाळवीने खाल्ली, शेवटची बारा उरली आहेत, असं लिहून तुम्ही पुढे लिहिता: 'पहिल्या कार्डावर पेन्सिलीने रेघा आखून त्यांवर लिहिलेलं. पुढे रेघा गेल्या. अक्षर दरवर्षी सुधारत गेलं, जणू मैत्रीचाच हात बसत गेला.'

मला सांगा, पंचाहत्तरीच्या बाईचं अक्षर सुधारतं का?

माझं स्वतःचं साठीनंतर बिघडायला लागलं. आधी शिरोरेषा उतरती होते, मग अक्षरांमधलं अंतर वाढतं, मग जोडाक्षरं फुटतात. रेघा आखून लिहायला सुरुवात होते आणि बारा वर्षांत वळण लागतं ते पहिली-दुसरीतल्या लेकराला. तुमच्या आजीच्या मैत्रिणीने ती बारा उत्तरं लिहिलेली नाहीत. घरातल्या कुणा पोरीने लिहिली आहेत (पोरगा असला तरी चालेल, पण माझा कौल पोरीला). मैत्रिणीने सांगायचं, पोरीने लिहायचं. सात वर्षांची असताना सुरू केलं असेल तर आज ती एकोणीस-वीसची आहे. शिकायला गेली असेल, नाहीतर लग्न होऊन गेली असेल. मैत्रीण आहे तिथेच आहे. गेला तो तिचा हात.

हे खरोखर असंच झालं की नाही, ते मला इथे बसून कळणार नाही. पण तुमच्या कथेला शेवट नाही असं तुम्ही म्हणता, आणि तो सातव्या पानावर पडून आहे. तुम्ही तो पाहिलात, अगदी नेमका टिपलात आणि लगेच त्यावर 'मैत्रीचाच हात' असा गोड पाक ओतलात. हे वाक्य तिथेच तोडा. 'अक्षर दरवर्षी सुधारत गेलं', पूर्णविराम. अर्थ सांगू नका. वाचणाऱ्याला तो लगेच लागणार नाही आणि तुमच्या कथेतल्या नातीलाही लागता कामा नये.

तिला तो कशाने लागेल? पोस्टाच्या शिक्क्याने. तिकिटावर मारलेल्या गोल छापेत कार्यालयाचं नाव असतं आणि तारीख असते. तुमच्या नायिकेला रथसप्तमी उलटल्यावर, तिळगूळ देण्याघेण्याचे दिवस सरल्यावर, डब्यातली बारा पाकिटं फरशीवर ओळीने लावू द्या. नुसती तारखेप्रमाणे, काही शोधायचं म्हणून नाही. दहा पाकिटांवर उदगीर. शेवटच्या दोन्हींवर लातूर. वाडीतली म्हातारी संक्रांतीचं कार्ड टाकायला लातूरला कशाला जाईल? पण अकरावी-बारावीला लातूरला खोली घेऊन राहणारी पोरगी घरी येऊन मजकूर ऐकून जाईल आणि कार्ड तिकडच्या पेटीत टाकेल. मराठवाड्यातल्या वाचकाला 'लातूर' एवढा एक शब्द पुरे. त्यापुढे 'लातूर पॅटर्न', शिकवणी वगैरे काही लिहू नका. बारावी झाली, पोरगी आणखी पुढे गेली, आणि तिसऱ्या वर्षी पाकीट आलं नाही.

यानंतर नात धावत आजीकडे जाते आणि उलगडा सांगते, असा मोह होईल. जाऊ द्या तिला. फक्त आजीला धक्का बसू देऊ नका. बारा वर्षं जी बाई ते अक्षर डोळ्यांजवळ धरून वाचते आहे, तिला ते कुणाचं आहे हे माहीत नसेल? तिने शाळेत पाटीवर मैत्रिणीच्या शेजारी बसून अक्षरं गिरवली आहेत, किंवा मैत्रीण शाळेत आलीच नव्हती हे तिने पाहिलं आहे. नात पाकिटं दाखवते आणि आजी शेंगा फोडता फोडता म्हणते, 'मग? तिला कुठं लिव्हता येतंय.' बस. आजीचं गप्प राहणं मैत्रीण गेल्याच्या भीतीने नव्हतंच. मैत्रिणीला लिहिता येत नाही ही गोष्ट तिने चारचौघांत कधी काढली नव्हती आणि आताही काढायची नव्हती. ज्याला तुम्ही दुःख समजून चार पानं लिहिलीत, तो राखलेला शब्द होता.

इथे बोलीचं सांगून टाकते. तुमची आजी एका पानावर 'वळखतेत' म्हणते आणि पुढच्याच पानावर 'काय गं, काय करतेस?' परतूरची आजी 'काय करायलीस?' म्हणेल, 'का' म्हणायच्या जागी 'कामून' म्हणेल. सगळं बोलीत लिहा असा आग्रह नाही, पण तिच्या तोंडी आठ वाक्यं असतील तर आठही तिचीच असू द्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून सोडून दिली आहे. आजोबा १९९८ साली गेले आणि कार्डं पाठवणं 'त्यानंतरच्या संक्रांतीपासून' सुरू झालं. संक्रांतच का? दिवाळी का नाही? मी तुमच्या जागी असते तर या प्रश्नावर दोन दिवस बसले असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत घरोघर हळदी-कुंकू असतं, वाणं लुटली जातात, आणि नवरा गेलेल्या बाईला त्याचं बोलावणं येत नाही. आता काही ठिकाणी बोलावतात, पण १९९९ साली परतूरकडच्या खेड्यात ती बहुतेक माजघरातच बसली असणार. ज्या सणातून तिला उठवलं, त्याच सणाची तेवीस पाकिटं ती पोस्टाच्या पेटीत टाकते. पेटी कुणाचं कपाळ बघत नाही. तेवीस नावांत कितीजणी तिच्यासारख्या आहेत, ते तिची वही उघडून बघा. उदगीरची मैत्रीण त्यात असेल तर न आलेल्या एका कार्डाचं वजन किती, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही. कथेत हे कुठेही समजावून सांगायची गरज नाही. शेजारच्या घरातून बायकांच्या उखाण्यांचा आवाज येतोय आणि आजी हलव्याच्या पुड्या बांधते आहे, एवढं दिसलं तरी चालेल.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून मला दिसतो तो सांगते, पटला तर घ्या. पुढच्या संक्रांतीआधी आजी नातीला घेऊन पोस्टात जाते आणि खिडकीवर जोडकार्ड मागते. तुमच्या पिढीला हे ठाऊक नसेल. दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली असतात, एकावर आपण लिहायचं, दुसरं उत्तरासाठी कोरं, त्याचे पैसे आधीच भरलेले. साधं कार्ड पन्नास पैशांचं, हे एक रुपयाचं. हल्ली मागितलं की मिळेलच असं नाही, म्हणून खिडकीवरच्या मुलाने कपाट उघडून शोधणं हाच प्रसंग होतो. आजी कोऱ्या अर्ध्यावर स्वतःचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिते, म्हणजे मैत्रिणीला काहीच लिहावं लागणार नाही, नुसतं फाडून पेटीत टाकलं की झालं. इथेच थांबा. ते कार्ड परत येतं, त्यावर तिळाचा डाग किंवा अंगठा उमटलेला असतो, असं काही लिहायचा मोह मलाही झाला. मी तो आवरला, तुम्हीही आवरा. आजी पिनकोड लिहिताना थबकते, नात आकडे सांगते, आपल्याकडचा ४३१ ने सुरू होणारा आणि उदगीरकडचा ४१३ ने. आजी विचारते, 'आकडे तेच हायेत की, उलटेपालटे कामून?' इतक्यावर कथा सोडली तरी मला चालेल.

आता आजीने वाचलं तर काय, हा प्रश्न. तुम्हाला तिच्या वाईट वाटण्याची भीती आहे. ती मला फारशी नाही. ज्या बाईने सत्तावीस वर्षं हा व्याप केला तिला आपल्यावर कुणी लिहिलं म्हणून रडू कोसळणार नाही. उलट 'तेवीस न्हाई, चोवीस हुते' अशी दुरुस्ती येईल. मला काळजी त्या दुसऱ्या बाईची आहे. माझा तर्क बरोबर निघाला तर तिला लिहिता येत नाही ही तिची झाकलेली गोष्ट आहे, आणि आजीने ती इतकी वर्षं झाकली. तुम्ही छापलीत तर वाडीतली कुणीतरी सून तो अंक वाचेल. म्हणून परवानगी आजीकडून घ्या आणि नेमकी याच गोष्टीची घ्या: 'त्यांच्या लिहिण्याबद्दल लिहू का?' नाही म्हणाली तर कथा जाळू नका. उदगीरचं औसा करा, बालमैत्रिणीची नणंद करा, परतूरचं सेलू करा. शिक्क्यावरचं लातूर तेवढं राहू द्या. घरातल्या माणसांवर लिहिणाऱ्या इतरांनाही मी हेच सांगते: ज्याचं नाव कथेत मोठं आहे त्याला आपण विचारतो, आणि ज्याचं गुपित आपण वापरतो तो कोपऱ्यात उभा असतो, त्याला विचारायचं राहून जातं.

कथा तुम्ही केव्हाही लिहाल, मैत्रीण मात्र आज काय करते आहे ते आधी बघा. आजीला न सांगता परस्पर चौकशी करू नका. तिच्यासमोर बसून आणखी एक पाकीट तयार करा. फक्त कार्ड घाला, हलवा नको, म्हणजे वजनाचा प्रश्न मिटला. हलवा घालायचाच असेल तर पोस्टात तोलून तिकीट लावा आणि पुडी पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. तिकिटाच्या बाजूला ठेवली तर शिक्क्याच्या ठोक्याने पीठ होतं, सासूबाईंच्या हलव्याचं दरवर्षी व्हायचं. मागे आजीचा पूर्ण पत्ता आणि तुमचा मोबाइल नंबर लिहा. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. पूर्वीसारखं साधं रजिस्टर आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ साली ते स्पीड पोस्टातच मिसळलं. पावतीवरच्या क्रमांकावरून पाकीट कुठवर गेलं ते दिसतं. सोबत वाडीच्या शाखा डाकघराच्या पोस्टमास्तरांच्या नावे एक पोस्टकार्ड टाका: अमक्या बाईंना पत्र मिळतं का, त्या गावातच आहेत का, एवढंच विचारा. खेड्यातला पोस्टमन घराघरातली माणसं ओळखतो आणि बहुतेक फोन करून सांगतो.

त्याआधी मात्र आजच्या आज पत्र्याचा डबा उघडा आणि शेवटची दोन पाकिटं बाहेर काढा. शिक्का पुसट असेल तर पाकीट खिडकीशी नेऊन तिरपं धरा, नाव वाचता येतं. काय निघालं ते मला कळवा. तुमचा पत्ताही मागे लिहा, या पत्रावर तो नव्हता.